भेरू उस्तादाची थकबाकी

भेरूलाल दमामीच्या बँडला गावात तोड नव्हती, कारण गावात दुसरा बँडच नव्हता. पिपली बाजारात, ओंकारलाल पोरवालांच्या सत्तेचाळीस नंबरच्या घराच्या पुढच्या खोलीवर 'जय भेरूनाथ बँड' ही पाटी एकोणीस वर्षं लटकत होती. आत ढोल, ताशे, पितळी भोंगे, लाल कोट आणि सोनेरी झालरींच्या टोप्या. खोली एवढी भरलेली की उस्तादाला बसायचं तर आधी एक ढोल बाहेर काढून ठेवावा लागे. लग्नाची बोलणी रस्त्यावरच व्हायची. त्यामुळे कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं हे सगळ्या बाजाराला सोयऱ्यांच्या आधी कळायचं.

सेठ ओंकारलाल म्हणजे चमडी जाए पर दमडी न जाए, हे वचन ज्यांना बघून सुचलं असावं त्यातले. भाडं महिना दीड हजार, रोख, कागद नाही. वर एक अट घातलेली. घराचा मालमत्ता कर दरवर्षी भेरूने भरायचा. "तू पुढे बसतोस, पालिकेचं तोंड तुलाच आधी दिसतं," असं सेठजींनी तेव्हा कारण दिलं होतं. भेरूला ते पटलंही होतं. सेठजींची कारणं ऐकताना पटायची आणि घरी पोचेपर्यंत बोचायला लागायची.

पण भेरूने कर इमानदारीने भरला. दरवर्षी मार्चच्या शेवटी तो न्हाऊन, मिशीला तेल लावून पालिकेच्या खिडकीवर जायचा. पावतीवर जमा करणाऱ्याचं नाव काय घालू, असं बाबूने विचारलं की कानाला हात लावून म्हणायचा, "सेठजींचंच घाला. त्यांच्या घराच्या कागदावर माझं नाव बरं दिसत नाही." पावती हातात आली की सवलतीच्या रकान्यावर बोट ठेवून बाहेरच्या कचोरीवाल्याला दाखवायचा. निम्मा कर माफ! एकदा कोण्या चेष्टेखोर बाबूने त्याला सांगून टाकलं होतं, "उस्ताद, ही कलावंताची सवलत." तेव्हापासून भेरू गावभर छाती काढून हिंडत होता. बायको चंदर म्हणायची, "सरकारने तुमचा बँड ऐकला असता तर कर दुप्पट लावला असता." पण बायकोच्या बोलण्याला कलावंताने किंमत द्यायची नसते.

आणि मग या डिसेंबरात सेठजींना घर विकायची बुद्धी झाली. उज्जैनच्या कुणाला तिथे मोबाइलचं शोरूम काढायचं होतं. त्याला रिकामं घर हवं होतं, ढोल नकोत. सेठजींनी भेरूचं भाडं घेणं बंद केलं. तो पैसे घेऊन गेला की सेठजी एकदम धार्मिक व्हायचे आणि देवघरात शिरायचे. तीन महिने असे गेले, मग खोली खाली करायची नोटीस आली. सेठजींनी बाहेर काढू नये म्हणून भेरूने कोर्टात मनाईचा अर्ज टाकला. त्यावर सेठजींचं उत्तर आलं ते वाचून त्याच्या हातातली ताशाची काडी खाली पडली. उत्तरात लिहिलं होतं की या इसमास जागा भाड्याने कधीच दिली नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याचे ढोल भिजत होते, म्हणून दयेपोटी काही दिवस ठेवू दिले.

"भिजत होते?" भेरू ओरडला. "तीन महिन्यांपूर्वी पाऊस होता का?"

"दया होती," चंदर म्हणाली. "ती बारमाही असते."

सोमवारी सुनावणी होती. खोली गेली तर बँड गेला, हे सरळ होतं. एवढे ढोल घरच्या दीड खोलीत मावणार नव्हते आणि पत्ता नसलेल्या बँडला कुणी बयाणा देत नाही. त्याच्या बँडमधल्या अकरा माणसांची चूल त्या पाटीवर पेटायची. भेरू घाबरला होता. पण वकील व्यास मॅडमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी तो शिरला तो ताठ मानेने, कारण त्याच्या काखेत मालमत्ता कराच्या पावत्यांचा गठ्ठा होता.

"घ्या," त्याने गठ्ठा टेबलावर आपटला. "एकोणीस वर्षांचा पुरावा. एक साल कमी निघालं तर मिशी उतरवीन."

इंदुबाला व्यास बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक आणि फी घ्यायलाही रोखठोक. त्यांनी एकेक पावती उलटली आणि एका कागदावर चार रकाने आखले. करनिर्धारण वर्ष, बकाया, सवलत, भरलेली रक्कम. पावतीवर कुठे काय असतं हे ठाऊक असलेलं माणूस पावती कशी वाचतं, ते भेरू कौतुकाने बघत राहिला. वरचं नाव बघायचं, वर्ष बघायचं, मग तारीख सोडून थेट खालचा चौकोन.

"वर्षं सलग आहेत," मॅडम म्हणाल्या. "बकाया दरवर्षी शून्य. शाबास."

भेरूने चंदरकडे बघितलं. चंदरने छताकडे बघितलं.

"नाव मात्र सेठच्या वडिलांचं. ते चालतं, घर त्यांच्याच नावावर असेल. जमा केले कुणी? हस्ते, ओंकारलाल पोरवाल. हेही ओंकारलाल. हेही. उस्ताद, तुमचं नाव एकाही पावतीवर नाही?"

"मीच नको म्हटलं. लहान तोंडी मोठं नाव कशाला."

"बरं. आणि हा सवलतीचा रकाना तुम्ही कधी वाचला का?"

"तो तर पाठ आहे मॅडम. निम्मी सवलत. कलावंताची."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा हसू दाबल्यामुळे जरा वेळ वेडावाकडा झाला.

"कलावंताची नाही. ही स्वनिवासाची सवलत आहे. सगळ्या घरात मी स्वतः राहतो, कुठलाही भाग भाड्याने दिलेला नाही, असं मालकाने विवरणपत्रात लिहून दिलं की मालमत्ता कर निम्मा होतो. ओंकारलालने ते दरवर्षी लिहून दिलं. आणि तुम्ही दरवर्षी पैसे भरून त्याच्यावर शिक्का मारून घेतला."

भेरूला कळायला वेळ लागला. चंदरला लागला नाही.

"म्हणजे या गठ्ठ्यात असं लिहिलंय की घरात भाडेकरूच नाही?"

"एकोणीस वेळा लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "हा गठ्ठा चुकूनही कोर्टात दाखवू नका. सेठचा वकील तुम्हाला पेढे देईल."

"वा," चंदर म्हणाली. "लोक पैसे घेऊन खोटी साक्ष देतात. आमच्या ह्यांनी पैसे देऊन दिली, तीही स्वतःच्या विरुद्ध."

भेरूची मान खाली गेली ती वर येईना. एकोणीस वर्षं ज्याचा तोरा मिरवला तो कागद त्याला घरातून हाकलत होता. त्याला रडावंसं वाटलं. सेठचा राग आलाच, पण त्याहून स्वतःचा जास्त आला.

"पालिकेत जाऊन सांगू का," तो म्हणाला, "की ही सवलत खोटी आहे?"

"सांगा. पालिका फेरआकारणी करील, उरलेला निम्मा कर अधिभारासकट लावील. आणि सेठ म्हणेल, कर भरायचं तर भेरूकडे ठरलंय." मॅडमनी कागद बाजूला सारला. "ते नंतर बघू. सोमवारपर्यंत मला असा एक कागद हवा, ज्यात तुम्ही त्या खोलीत वर्षानुवर्षं आहात हे दिसेल. विजेचं बिल?"

"वीज सेठच्या मीटरवरून."

"पाणी?"

भेरू एकदम खोकायला लागला. चंदरने त्याच्या पाठीत बुक्का घातला. तो खोकल्यासाठी नव्हता.

"सांगा की," ती म्हणाली. "नळाचं सांगा."

मग ते निघालं. दहा-अकरा वर्षांपूर्वी सेठजींच्या लक्षात आलं होतं की बँडची माणसं त्यांच्या नळावर तोंड धुतात आणि पाणीपट्टी मात्र त्यांची जाते. त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळीच त्यांनी भेरूला पालिकेत पिटाळलं, की पुढच्या खोलीला तुझ्या नावाने वेगळी नळजोडणी घे. घरमालकाचं संमतीपत्र लागतं म्हटल्यावर त्यांनी त्यावर सहीही ठोकली होती. भेरूने जोडणी घेतली. पाणी आलं. आणि पाणीपट्टी त्याने एक रुपयाही भरली नाही.

"का?" मॅडमनी विचारलं.

"पाणी देवाचं," भेरू पुटपुटला.

"नळ पालिकेचा," चंदर म्हणाली. "वसुलीवाला आला की हे मोठ्या ढोलामागे दडून बसतात आणि पोरांना म्हणतात, ताशा वाजवा. तो बिचारा कानात बोटं घालून परत जातो. बिलं आली की चुलीत."

पालिकेनेही जोडणी तोडली नव्हती. तोडायची तर रस्ता खणावा लागतो, आणि खणलेला रस्ता बुजवावा लागतो, त्यापेक्षा थकबाकी लिहीत राहणं सोपं. मॅडम मात्र एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की भेरूला वाटलं, आता पोलिसात देतात.

"उस्ताद, तुम्ही महान आहात. जो कर भरला त्याने तुम्हाला बुडवलं, आणि जो बुडवला तोच तारेल. जोडणी तुमच्या नावाची, पुढच्या खोलीची, मालकाच्या संमतीची. थकबाकी जोडणी घेतल्यापासून आजपर्यंतची. भरलीत की पावतीवर सगळा कालावधी छापून येईल. त्या पावतीने घर तुमचं होत नाही, नीट ऐका. पण तीन महिन्यांच्या दयेचं सोंग उघडं पडेल. मनाईला तेवढं पुरे."

"पण पावतीच कशाला? जुन्या अर्जाची नक्कल नाही मिळत?" चंदरने विचारलं.

"थकबाकीदाराला पालिका नक्कल सोडा, सरळ उत्तरही देत नाही. उद्या शनिवार, लोकअदालत आहे. पालिकेत शिबिर लागेल, अधिभारात माफी मिळेल. जा आणि भरा. सगळं भरा."

शनिवारी पालिकेच्या आवारात जत्रा भरली होती. मांडव, खुर्च्या, 'थकबाकी भरा, सन्मान मिळवा' असा कापडी फलक, आणि बाहेर पोहे-जलेबीची गाडी. एरवी पालिकेकडे पाठ फिरवून चालणारे सगळे बुडवे आज न्हाऊन-धुऊन रांगेत उभे होते. एकमेकांना रामराम करत होते आणि किती बुडवलं ते चढाओढीने सांगत होते. भेरूच्या खिशात साडेबारा हजार होते. यंदाच्या लग्नसराईची कमाई, अधिक रात्रीच्या वरातीचा बयाणा. उद्यापासून मार्चातला खरमास लागत होता. म्हणजे महिनाभर ना लग्न, ना पैसा.

खिडकीवर गेहलोत बाबू होते. बडीशेप चघळत त्यांनी संगणकात जोडणी क्रमांक घातला, आणि पडद्याकडे बघून शीळ घातली.

"उस्ताद! वसुलीवाला म्हणायचा तिथे भूत ताशा वाजवतं. ते तुम्ही होय?"

"किती होतात बाबूजी?"

"ऐका. अघरेलू, म्हणजे धंद्याची जोडणी, महिना दीडशे. दोन हजार चौदा-पंधरा ते तेवीस-चोवीस, दहा वर्षांचा बकाया अठरा हजार. त्यावर अधिभार आठ हजार चारशे. एकूण सव्वीस हजार चारशे. दहा ते पन्नास हजारांत बसता, म्हणून अधिभारात पंचाहत्तर टक्के माफ. सहा हजार तीनशे गेले, एकवीसशे राहिले. मुद्दलात छदाम माफ नाही. चालू साल चोवीस-पंचवीसचे अठराशे, त्यालाही माफी नाही. द्या एकवीस हजार नऊशे."

भेरूने साडेबारा हजार पुढे केले.

"निम्मे आज भरले तरी शिबिरात चालतं," गेहलोत बाबू म्हणाले. "निम्म्याच्या वरच आहेत हे. बाकी नंतर. पण पैसे जुन्या सालापासून वळते होतात. एवढ्यात पावती निघेल चौदा-पंधरा ते एकोणीस-वीसची."

"म्हणजे वीस सालापर्यंत मी खोलीत होतो, आणि पुढे?"

"पुढे थकबाकी."

"कोर्टात सेठ म्हणेल, करोनात मेला," चंदर म्हणाली. "पाच साल कोरे सोडून चालायचं नाही. पूर्ण भरायला हवेत."

भेरूने रांगेत पुढे-मागे ओळखीच्यांकडे उसने मागून बघितले. पण बुडव्यांच्या रांगेत उसने मागणं म्हणजे वाळवंटात पाणपोई शोधणं. सगळे खिशावर हात ठेवून सहानुभूती देत होते. चंदर तिच्या भावाला फोन लावायला मांडवाबाहेर गेली. भेरू खिडकीच्या बाजूला, नोटांचं पुडकं घट्ट धरून, घामाघूम उभा राहिला.

आणि तेवढ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेतून सेठ ओंकारलाल आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांना आजच बेबाकी दाखला हवा होता. घरावर काही बाकी नाही असा तो कागद मिळाल्याखेरीज उज्जैनवाला पुढची रक्कम द्यायला तयार नव्हता. यंदाचा मालमत्ता कर त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतः भरला. भरताना चेहरा असा, जणू दाढ काढतायत.

"आता दाखला द्या बाबू."

"सत्तेचाळीस नंबरवर जलकर बाकी आहे सेठजी."

"माझी पाणीपट्टी चोख आहे!"

"तुमची चोख आहे. पण याच घरावर दुसरी जोडणी आहे, तिची एकवीस हजार नऊशे. माफी धरून. उद्या याल तर सहा हजार तीनशे जास्त."

सेठजींनी वळून बघितलं. बाजूला भेरू, हातात नोटांचं पुडकं. सेठजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण चुकीच्या खोलीत. त्यांचे वडील किसनलाल मरताना सांगून गेले होते, बेटा, ज्याच्या हातात रसीद त्याच्या हातात घर. पोरवालांच्या घराण्यात हा मंत्र गायत्रीच्या वरचा मानत. याच मंत्रावर त्यांनी चुलतभावाचं गोदाम गिळलं होतं, असं बाजारात बोलत. आणि आज हा वाजंत्रीवाला त्यांच्या घराची रसीद स्वतःच्या हातात घ्यायला आला होता!

"हा भरायला आलाय?" त्यांनी गेहलोत बाबूंना विचारलं.

"आलेत खरे. जरा कमी पडतायत."

"भेरू, हलकटा," सेठजी म्हणाले, "तुझा डाव मला कळला. माझ्या घराची रसीद फाडायला आलास?"

"सेठजी, पाया पडतो," भेरू खरंच वाकला. "माझं मला भरू द्या. संध्याकाळपर्यंत आणतो. एवढं एक तुम्ही भरू नका."

झालं. कुणी ओंकारलालांना 'नका' म्हटलं की त्यात नक्की फायदा आहे हे ते जन्मापासून ओळखून होते. त्यांनी पिशवी उघडली. जलेबीवाला झारा तसाच धरून बघायला आला, कारण ओंकारलालांची पिशवी चारचौघांत उघडल्याचं त्याच्या बापानेही बघितलं नव्हतं. सेठजींनी उज्जैनवाल्याच्या बयाण्यातून नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि खिडकीत सारल्या.

"एकवीस हजार नऊशे. काढा रसीद. आणि माझ्या हातात द्या."

"जमा करणाऱ्याचं नाव?"

"ओंकारलाल किसनलाल पोरवाल. भवनस्वामी. नीट घाला."

"अगदी नीट घालतो," गेहलोत बाबू म्हणाले, आणि त्यांनी बडीशेपेची एक चिमूट तोंडात टाकली.

भेरू भिंतीला टेकला. संपलं, असं त्याला वाटलं. खोली, पाटी, अकरा माणसं. हा माणूस पैशाच्या जोरावर आपलं देणंसुद्धा हिसकावून घेतो, मग आपल्याकडे राहिलं काय? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने सगळ्यांसमोर येऊ दिलं. चंदर परत आली, नवऱ्याचा चेहरा बघितला, सेठजी बघितले आणि तिचाही चेहरा पडला.

छपाईयंत्र खरखरलं. कागद बाहेर आला. सेठजींनी तो झडप घालून घेतला, घडी करून खिशात घालणार तोच गेहलोत बाबू म्हणाले, "वाचून घ्या सेठजी. मागाहून चूक दुरुस्त होत नाही. की मी वाचू?"

"वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

गेहलोत बाबूंनी दुसरी प्रत पुढ्यात धरली आणि कीर्तनकारासारखा आवाज लावला. "जलकर पावती. उपभोक्ता, भेरूलाल दमामी, किराएदार. पत्ता, मकान सत्तेचाळीस, पिपली बाजार, पुढची खोली. संमती, भवनस्वामी ओंकारलाल पोरवाल. कालावधी, दोन हजार चौदा-पंधरा ते चोवीस-पंचवीस. बकाया अठरा हजार. अधिभार आठ हजार चारशे, त्यात सवलत सहा हजार तीनशे. चालू अठराशे. जमा एकवीस हजार नऊशे. शेष शून्य. हस्ते, ओंकारलाल किसनलाल पोरवाल, भवनस्वामी."

"किराएदार?" सेठजी म्हणाले.

"जोडणीच्या अर्जात लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

"पण पैसे मी दिलेत! नाव माझं यायला हवं!"

"आलंय की. हस्तेमध्ये. पैसे कुणीही आणून देवो सेठजी, पावती जोडणी ज्याची त्याच्याच नावाने निघते. पालिकेने असा नियम केला तेव्हा तुमचा विचार केला नव्हता, माफ करा."

आता चंदरला समजलं. तिने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. "अहो, रडता काय! नक्कल मागा. नक्कल!"

"मिळेल का बाबूजी?" भेरूने नाक पुसत विचारलं.

"उपभोक्त्याला का नाही मिळणार? आता तर बाकीही नाही. दहा रुपये."

भेरूने साडेबारा हजारांतून एक नोट काढून मोडली आणि दहा रुपये दिले. नक्कल हातात आली, तिच्यावर निळा शिक्का बसला. त्याने आपलं नाव बोटाने चाचपलं. पालिकेच्या पावतीवर ते त्याने प्रथमच बघितलं होतं, आणि त्याला ते फार बरं दिसलं.

सेठजी खिडकीला चिकटले होते. "रद्द करा. परत द्या माझे पैसे."

"परत मिळतात ना. अर्ज करा की चुकून भरले. फक्त त्यावर उपभोक्त्याची सही लागते, रक्कम त्याच्या खात्यात पडली आहे." गेहलोत बाबूंनी एक कोरा कागद सरकवला. "घ्या, सांगतो मी. लिहा. मी, ओंकारलाल पोरवाल, माझे किराएदार भेरूलाल दमामी यांची दहा वर्षांची..."

सेठजींनी दोन शब्द लिहिले आणि पेन थांबलं. रांग मान उंचावून बघत होती. सेठजींनी कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, मग पेनाला टोपण लावलं.

तेव्हा भेरू पुढे आला. कुणी शिकवलं नव्हतं, पण आयुष्यभर वरातीसमोर चालल्याने कुठल्या क्षणाला कुठला ठेका धरायचा हे त्याला कळत होतं. त्याने साडेचार हजार रुपये मोजले आणि दोन्ही हातांवर ठेवून अदबीने पुढे केले.

"सेठजी, तीन महिन्यांचं भाडं. तुम्ही पूजेत असायचात, राहून गेलं."

गेहलोत बाबू, चंदर, जलेबीवाला, अख्खी रांग सेठजींच्या उजव्या हाताकडे बघत होती. सेठजींना सगळं कळत होतं. घेतलं तर भेरू चारचौघांत भाडेकरू ठरेल, तेही कळत होतं. त्यांनी हात पाठीमागे नेला. पण नुकतेच एकवीस हजार नऊशे हातचे गेले होते, आणि समोर साडेचार हजार होते, कोरे, बँकेचा वास असलेले. हात पुढे आला. नोटा मुठीत गेल्या.

"मोजून घ्या सेठजी," गेहलोत बाबू म्हणाले.

आणि सेठजींनी मोजल्या.